रिपोर्टात ‘ब्लास्ट’ हा शब्द दिसला तर
(तीव्र रक्तकर्करोगाचे दोन प्रकार आणि हाती असलेला थोडा वेळ)

‘ब्लड कॅन्सर’ हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो. वास्तविक रक्ताचा कर्करोग हा एक आजार नसून अनेक आजारांचा समूह आहे. त्यांतील काही आजार वर्षानुवर्षे संथपणे चालतात. रोगी कामधंदा सांभाळून गोळ्या घेतो. परंतु ज्यांच्या नावाआधी ‘ॲक्यूट’ म्हणजे ‘तीव्र’ हा शब्द लागतो, ते दोन आजार आठवड्यांत आणि कधी कधी दिवसांत माणसाचा घास घेतात. पहिला ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, थोडक्यात ए.एल.एल. आणि दुसरा ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, थोडक्यात ए.एम.एल. या दोहोंची ओळख रक्ताच्या साध्या तपासणीत ज्या एका शब्दाने होते, तो शब्द म्हणजे ‘ब्लास्ट’. प्रस्तुत लेखात या एका शब्दाचा अर्थ समजावून घ्यावयाचा आहे.

ब्लास्ट म्हणजे काय?

आपले रक्त हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होते. तेथे मूळ पेशीपासून निरनिराळ्या पेशी टप्प्याटप्प्याने घडत जातात. अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरील कोवळ्या, कोणतेही काम न येणाऱ्या पेशीला ‘ब्लास्ट’ म्हणतात. निरोगी माणसाच्या मज्जेत शंभरात पाचांपेक्षा कमी ब्लास्ट असतात आणि बाहेर फिरणाऱ्या रक्तात त्या दिसतच नाहीत. पेशी पूर्ण तयार झाल्याशिवाय तिला मज्जेबाहेर पडता येत नाही, असा निसर्गाचा नियम आहे.

तीव्र ल्युकेमियात एखाद्या ब्लास्ट पेशीच्या जनुकांत बिघाड होतो. तिची वाढ पहिल्याच इयत्तेत थांबते, पण संख्या मात्र वाढत राहते. मज्जेतील जागा या बिनकामाच्या पेशी व्यापून टाकतात आणि चांगल्या पेशींचे उत्पादन बंद पडते. मग ब्लास्ट पेशी मज्जेतून सांडून रक्तात येतात. मज्जेत किंवा रक्तात त्यांचे प्रमाण साधारण २० टक्क्यांवर गेले, की तीव्र ल्युकेमियाचे निदान पक्के धरतात.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. रक्त गोठविणारी प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते. जंतूंशी लढणारी न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी तर रक्तात एक दिवससुद्धा धड टिकत नाही. म्हणून मज्जेचा कारखाना बंद पडला, की आधी न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट संपतात, म्हणजे ताप आणि रक्तस्राव सुरू होतो. तांबड्या पेशी कमी होऊन येणारा फिकटपणा व दम मागाहून वाढत जातो. या आजाराची सारी लक्षणे याच हिशेबातून निघतात.

एक नमुना रिपोर्ट

समजावण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कळंब तालुक्यातील एका खेड्यातला सात वर्षांचा मुलगा. पंधरा दिवस ताप येतो-जातो. पाय दुखतात म्हणून तो चालायला मागत नाही. अंगावर मार न लागता निळे डाग उठले आहेत. गावात दोनदा इंजेक्शन झाले. बरे वाटले नाही. तालुक्याच्या गावी सी.बी.सी. तपासणी केली. रिपोर्ट असा :

हिमोग्लोबिन ५.८ ग्रॅम. एकूण पांढऱ्या पेशी १८,४००. प्लेटलेट १४,०००. पुढे पांढऱ्या पेशींची विभागणी : लिम्फोसाइट ९७ टक्के, न्यूट्रोफिल २ टक्के, मोनोसाइट १ टक्का.

घरचे लोक वाचतात, ‘पांढऱ्या पेशी वाढल्यात, म्हणजे इन्फेक्शन आहे.’ कोणी म्हणते, ‘लिम्फोसाइट जास्त म्हणजे व्हायरल.’ दोन्ही अनुमाने चुकीची आहेत, कारण ही विभागणी यंत्राने केलेली आहे. यंत्र पेशींचा आकार वगैरे मोजून त्यांची वर्गवारी करते. ब्लास्ट पेशी तिच्या हिशेबात पुष्कळदा लिम्फोसाइट किंवा मोनोसाइटच्या रकान्यात जाऊन बसते. बँकेत नोटा मोजण्याचे साधे यंत्र बंडलात शंभर नोटा आहेत हे बिनचूक सांगते. पण त्यांतील बनावट नोट ओळखायला कॅशियरने ती हातात घेऊन उजेडात धरावी लागते. येथेही तसेच आहे. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून, रंगवून, पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहावा लागतो. याला ‘पेरिफेरल स्मिअर’ म्हणतात. खर्च थोडा, वेळ तासाभराचा. मात्र तो मुद्दाम मागावा लागतो.

या मुलाच्या स्मिअरमध्ये पॅथॉलॉजिस्टला दिसले : ब्लास्ट ८६ टक्के, लिम्फोसाइट १२ टक्के, न्यूट्रोफिल २ टक्के. आता गणित करू. १८,४०० पैकी ८६ टक्के म्हणजे १५,८२४ पेशी निकामी ब्लास्ट आहेत. खऱ्या लढाऊ न्यूट्रोफिल फक्त २ टक्के, म्हणजे ३६८. ही संख्या ५०० च्या खाली गेली, की साध्या जंतूंनीही रक्तात विष पसरू शकते. अर्थात ‘पेशी वाढलेल्या’ दिसणारा हा मुलगा प्रत्यक्षात जवळजवळ निःशस्त्र आहे. एकूण आकडा पाहून फसगत होते ती अशी.

उलट फसगतही होते. काही रोग्यांत एकूण पांढऱ्या पेशी कमी, दोन-अडीच हजारच असतात. ब्लास्ट अजून मज्जेतच दाटलेल्या असतात. पावसाळ्याच्या दिवसांत ताप, कमी पांढऱ्या पेशी आणि घटलेल्या प्लेटलेट पाहिल्या, की आपल्याकडे ‘डेंग्यू’ हे निदान तोंडावर असते आणि बहुधा ते बरोबरही असते. फरक ओळखण्याची खूण हिमोग्लोबिनमध्ये आहे. डेंग्यूत रक्तातील पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते, त्यामुळे रक्त दाट होते आणि रक्तस्राव नसेल तर हिमोग्लोबिन कमी होत नाही, उलट वाढलेले दिसते. शिवाय ताप उतरल्यावर थोड्याच दिवसांत प्लेटलेट आपोआप चढू लागतात. हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट ही तिन्ही एकाच वेळी उतरलेली असतील, किंवा आठवडा-दहा दिवस उलटूनही प्लेटलेट वर येत नसतील, तर स्मिअर पाहिल्याखेरीज डेंग्यूवर विसंबू नये.

ए.एल.एल. की ए.एम.एल.?

ब्लास्ट दिसल्या, पण कोणत्या घराण्याच्या? मज्जेत पेशींची दोन मोठी घराणी आहेत. एक लिम्फॉइड, ज्यातून पुढे प्रतिकारशक्तीचे लिम्फोसाइट घडतात. दुसरे मायलॉइड, ज्यातून न्यूट्रोफिल, मोनोसाइट, तांबड्या पेशी आणि प्लेटलेट घडतात. बिघाड पहिल्या घराण्यात झाला तर ए.एल.एल., दुसऱ्यात झाला तर ए.एम.एल.

ए.एल.एल. मुख्यतः मुलांचा आजार. दोन ते पाच वर्षांच्या वयात तो सर्वांत अधिक आढळतो. मानेतल्या-काखेतल्या गाठी, वाढलेली प्लीहा, हाडे दुखणे या त्याच्या खुणा. तो मेंदूभोवतीच्या पाण्यात आणि मुलांच्या वृषणात दडी मारून बसतो. ए.एम.एल. मुख्यतः मोठ्यांचा आजार. त्याच्या काही उपप्रकारांत हिरड्या सुजून दातांवर चढतात. तथापि वयावरून निदान करता येत नाही. दोन्ही आजार कोणत्याही वयात होतात.

सूक्ष्मदर्शकाखाली ब्लास्ट पेशीत लालसर काडीसारखी एक रेघ दिसली, तर तिला ‘ऑअर रॉड’ म्हणतात आणि ती मायलॉइड घराण्याची सही समजावी. परंतु ती प्रत्येक वेळी दिसत नाही. म्हणून पक्क्या निर्णयासाठी ‘फ्लो सायटोमेट्री’ ही तपासणी करतात. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर घराण्याचे बिल्ले असतात. रंगीत प्रतिद्रव्ये लावून यंत्राच्या साह्याने ते वाचले जातात. सी.डी. १९ आणि सी.डी. १० हे बिल्ले असतील तर बी-लिम्फॉइड; सी.डी. ३ असेल तर टी-लिम्फॉइड, सी.डी. १३, सी.डी. ३३ आणि मायलोपेरॉक्सिडेज हे द्रव्य असेल तर मायलॉइड. आपल्या नमुन्यातील मुलाच्या पेशींवर १९ आणि १० सापडले, म्हणजे बी प्रकारचा ए.एल.एल.

हा भेद पुस्तकी नाही. उपचार त्यावरच ठरतो. ए.एल.एल.ला स्टिरॉइड, व्हिन्क्रिस्टीन, ॲस्परॅजिनेज अशी औषधे देतात, पाठीच्या कण्यात इंजेक्शने देतात आणि एकंदर दोन ते तीन वर्षे उपचार चालतो. ए.एम.एल.मध्ये सात दिवस सायटाराबीन आणि त्यांतील तीन दिवस डॉनोरुबिसिन असा जहाल मारा रुग्णालयात ठेवून करतात. असे काही फेरे सहा महिन्यांच्या आसपास संपतात, पण प्रत्येक फेऱ्यात जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो. एकाचे औषध दुसऱ्याला दिले, तर मौल्यवान दिवस वाया जातात.

तासांचा हिशेब का?

इतर पुष्कळ कर्करोगांत तपासण्या करीत चार आठवडे गेले तरी निभावते. येथे निभावत नाही. त्याची चार कारणे आहेत.

पहिले, जंतुसंसर्ग. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आणि ताप १०१ च्या वर असेल, तर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावयास हवे. पू तयार व्हायलाच पेशी नसतात, म्हणून जखमेवर सूज-लाली दिसत नाही; फक्त ताप दिसतो. रात्री ताप आला तर सकाळची वाट पाहू नये.

दुसरे, रक्तस्राव. यात ए.एम.एल.चा एक उपप्रकार फार घातकी आहे. त्याचे नाव ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. त्याच्या पेशींतून सांडणारी द्रव्ये रक्त गोठविण्याची सारी सामग्री खर्च करून टाकतात. समजा, अडतीस वर्षांची एक स्त्री आहे. पाळीचे रक्त थांबत नाही, हिरड्यांतून रक्त येते. पांढऱ्या पेशी केवळ २,१०० आणि प्लेटलेट ११,०००. स्मिअरमध्ये कणांनी भरलेल्या थोड्या पेशी आणि त्यांत ऑअर रॉडची मोळी दिसते. अशा रोग्याचा मेंदूतील रक्तस्रावाने एक-दोन दिवसांतही अंत होऊ शकतो. गंमत अशी, की ल्युकेमियात सर्वांत बरा होणाराही हाच प्रकार. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेले ट्रेटिनॉइन नावाचे औषध या अडलेल्या पेशींना पुढच्या इयत्तेत ढकलते. त्याचा परिणाम चीनमधील शांघायच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात दाखवून दिला. त्याला आर्सेनिकची, म्हणजे सोमलाची जोड दिली, की कमी धोक्याच्या गटातील शंभरातील नव्वदांहून अधिक रोगी बरे होतात. म्हणून संशय आला, की जनुकीय रिपोर्टची वाट न पाहता ट्रेटिनॉइन त्याच दिवशी सुरू करावे, हा नियम आहे.

तिसरे, रक्ताची कोंडी. ब्लास्ट लाखावर गेल्या, की त्या फुप्फुसाच्या आणि मेंदूच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. मायलॉइड ब्लास्ट मोठ्या व चिकट असल्याने ए.एम.एल.मध्ये हा धोका लवकर येतो. धाप लागणे, दृष्टी धूसर होणे, झोपाळूपणा ही त्याची चिन्हे. अशा वेळी फिकटपणा पाहून घाईने रक्ताच्या पिशव्या चढविल्या, तर रक्त अधिक दाट होऊन प्रकृती बिघडते.

चौथे, पेशींचा एकदम नाश. हा धोका ए.एल.एल.मध्ये अधिक. औषधाने लाखो ब्लास्ट एकाच वेळी फुटतात, त्यांतील पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्ल रक्तात येते, मूत्रपिंडे बंद पडतात, हृदयाचे ठोके चुकतात. म्हणून उपचारापूर्वी शिरेतून भरपूर पाणी आणि ॲलोप्युरिनॉल देतात व रोज रक्त तपासतात.

येथेच एका गावठी सवयीचा उल्लेख केला पाहिजे. सांधे दुखतात, ताप हटत नाही, म्हणून डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सर्रास दिले जाते. ए.एल.एल.च्या पेशी स्टिरॉइडने मरतात. त्यामुळे मूल दोन दिवसांत टुणटुणीत होते, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि त्यानंतर तपासलेल्या मज्जेत ब्लास्ट सापडतच नाहीत. काही आठवड्यांनी आजार उलटतो. कधी पेशी फुटण्याचा वर सांगितलेला धोका कसलीही तयारी नसताना ओढवतो. तेव्हा स्मिअर पाहण्यापूर्वी स्टिरॉइड नको. प्लेटलेट कमी असताना कमरेत इंजेक्शन नको. ॲस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही नकोत. तापाला पॅरासिटामॉल चालते.

जायचे कोठे?

धाराशिव जिल्ह्याच्या शेजारीच बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर हॉस्पिटल आहे. भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली याच ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुके घेतले गेले. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून संशयित रोगी शोधीत. तोंडातील जखम किंवा स्तनातील गाठ अशा फिरतीत सापडू शकते. ल्युकेमियाची गाठ दिसत नाही. खेड्यातले मूल ‘तापाने गेले’ अशी नोंद होते, स्मिअर झालेलाच नसतो. ग्रामीण नोंदणीत ल्युकेमियाचे आकडे शहरापेक्षा कमी दिसण्याचे हेही एक कारण डॉक्टर मंडळी सांगतात.

ब्लास्टचा रिपोर्ट हाती पडला, की त्याच दिवशी सोलापूर, लातूर किंवा बार्शी येथील रक्तपेढी असलेले मोठे रुग्णालय गाठावे. प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात. त्या लहान गावी साठविता येत नाहीत. रोगी स्थिर झाल्यावर पुढील उपचारासाठी मुंबईस टाटा मेमोरियल येथे जाता येते. लातूर-मुंबई एक्सप्रेस धाराशिवला थांबते. मात्र ताप किंवा रक्तस्राव चालू असताना थेट मुंबईची रात्र काढू नये. आधी जवळ प्रतिजैविक व प्लेटलेट द्यावेत, मग प्रवास. सोबत स्मिअरच्या काचा आणि दिलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी न्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड व आधारकार्ड पहिल्याच दिवशी बरोबर असावे. रुग्णालयातील आरोग्यमित्र पुढील कागद करतो. आणखी एक : पुढे मज्जारोपणाची गरज लागण्याचा संभव असतो, म्हणून आई-वडील व भावंडांचे रक्त रोग्यास देण्याचे टाळावे. येथे बाहेरच्या रक्तदात्यांचे मोल फार आहे.

मुंबईचा या विषयाशी जुना संबंध आहे. १९२८ नंतरच्या काळात ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिकेने मुंबईत गिरणी कामगार गर्भवती स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो असे दाखविले. त्यातील द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. ब्लास्ट पेशींनाही वाढीसाठी तेच लागते, हे ध्यानी घेऊन अमेरिकेत सिडनी फार्बर यांनी त्याला अडविणारे अमिनोप्टेरिन ल्युकेमियाच्या १६ मुलांना दिले. त्यांतील १० मुलांत तात्पुरती सुधारणा दिसली. हे १९४८ साली प्रसिद्ध झाले. ते द्रव्य बनविणाऱ्या पथकाचे प्रमुख आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही ए.एल.एल.मध्ये देतात. पुढे १९८३ साली टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी ए.एम.एल. झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर तिच्या भावाच्या मज्जेचे रोपण यशस्वी केले. उलटलेल्या बी प्रकारच्या ए.एल.एल.साठी आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या पेशी-उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली. तो पंधरा वर्षांवरील रोग्यांसाठी आहे.

उपचार मध्येच सुटतो तो असा

आपल्या नमुन्यातील मुलगा पहिल्या महिन्याभरात ताप-रक्तस्रावातून सुटतो. मज्जेत ब्लास्ट पाच टक्क्यांखाली येतात. केस पुन्हा उगवतात, तो शाळेत जाऊ लागतो. घरच्यांना वाटते, आजार गेला. प्रत्यक्षात सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या कोट्यवधी पेशी शिल्लक असू शकतात. त्यांच्यासाठीच पुढील दोन-अडीच वर्षांचा उपचार आहे. अखेरच्या टप्प्यात रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी आणि आठवड्यातून एकच दिवस मेथोट्रेक्सेट, इतका तो सोपा दिसतो. म्हणूनच तो चुकतो. आई-बाप ऊसतोडीला निघाले, की दिवाळीनंतर सहा महिने तारखा बुडतात. किंवा आठवड्याची गोळी चुकून रोज दिली जाते. ती चूक जिवावर बेतते. आठवड्याच्या गोळीचा वार औषधाच्या पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून घ्यावा आणि टोळीबरोबर जाण्यापूर्वी डॉक्टरांना तो गाव सांगून तेथील जवळच्या रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी घ्यावी. अर्धवट सोडलेला ए.एल.एल. परत येतो तेव्हा पहिली औषधे पूर्वीसारखी लागू पडत नाहीत.

सी.बी.सी.चा कागद हाती आला, की आपण प्रथम एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा पाहतो. त्याऐवजी हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट या तीन ओळी एकत्र वाचाव्यात. तिन्ही उतरलेल्या दिसल्या, तर त्याच प्रयोगशाळेत, त्याच नमुन्यावर स्मिअर पाहून द्या, असे सांगावे. त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही.